‘काही असेल तर सांगा’ हे मागणं नव्हेच

‘अस्सलामु अलैकुम. माझं बी.कॉम. झालं आहे. कुठं काही जॉब असेल तर सांगा. कुठलंही काम चालेल.’ खाली सीव्हीची पीडीएफ, आणि तिचं नाव ‘न्यू सीव्ही फायनल २’.

असा मेसेज महिन्यातून दोन-तीनदा माझ्या फोनवर येतो. कधी खानदानाच्या ग्रुपवर, कधी मोहल्ल्याच्या, कधी थेट. मी भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स विभाग सांभाळतो. माझ्या हाताखाली माणूस घ्यायचा असतो तेव्हा मी स्वतः शोधतो, आणि ओळखीच्या कारखान्यांत कोण सोडून चाललंय हेही मला बऱ्याचदा आधी कळतं. म्हणजे ज्याच्याकडं असा मेसेज पाठवायला हवा, तो माणूस मीच. तरीही या मेसेजमधून मी आजवर कुणाला नोकरी लावून देऊ शकलेलो नाही. कारण त्यात मागणंच नसतं.

‘कुठलंही काम चालेल’ या वाक्याला आपल्याकडं नम्रता समजतात. पोरगा नखरे करत नाही, मेहनती आहे, असा त्याचा अर्थ घरचे काढतात. मी तो अर्थ काढत नाही. जे काम तुम्ही करायचं होतं, म्हणजे आपल्याला काय येतं आणि ते कुठं लागतं हे ठरवणं, ते तुम्ही माझ्यावर ढकललेलं असतं. मी दुसऱ्याच्या वतीनं ते ठरवू शकत नाही. मग मी ‘इन्शाअल्लाह, बघतो’ म्हणतो. ग्रुपवर आणखी आठ जण तेच म्हणतात, दोघं दुआ देतात, एक जण कुठल्यातरी मॉलच्या भरतीचा फॉरवर्ड टाकतो. सगळ्यांनी आपलं कर्तव्य केलेलं असतं, आणि काहीही झालेलं नसतं.

मेसेज वाचणाऱ्याच्या डोक्यात काय होतं

नोकऱ्या आपल्या डोक्यात ‘नोकरी’ या नावाखाली साठवलेल्या नसतात. मला आठवतं ते असं: मार्केट यार्डातल्या एका होलसेलरकडचा अकाउंटंट गावी परत गेला, चिंचवडच्या एका वर्कशॉपमध्ये जीएसटीची नोटीस आली आणि मालक वैतागलाय, आमच्या ऑडिटरच्या ऑफिसात दोन मुलं कमी आहेत. ‘काही जॉब असेल तर’ हे वाक्य यातल्या एकाही आठवणीला हात घालत नाही. ‘टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि महिन्याचं जीएसटी रिटर्न करणारी अकाउंट्स असिस्टंट’ असं वाचलं की होलसेलर लगेच आठवतो. नेमकेपणाचा उपयोग हा आहे. तो समोरच्याची आठवण जागी करतो.

दुसरी गोष्ट, मी एखाद्याचं नाव पुढं करतो तेव्हा माझं नाव पणाला लागतं. होलसेलर मला पहिला प्रश्न विचारेल, ‘काय येतं तिला?’ त्याचं उत्तर माझ्याकडं नसेल तर मी फोनच करणार नाही. मन दुष्ट असतं म्हणून नव्हे. तोंडघशी पडायला कुणालाच आवडत नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या तरुणांना कुणी सांगतच नाही. छोट्या धंद्यांतल्या अकाउंट्सच्या जागांची जाहिरात बहुतेक वेळा होतच नाही. अकाउंटंट सोडून गेला की मालक आधी आपल्या सीएला विचारतो, मग टॅली विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाला, मग शेजारच्या गाळेवाल्याला. एका सीएकडं अनेक धंद्यांची कागदपत्रं असतात. कुणाकडं हिशेब तुंबलेत आणि कुणाचा माणूस टिकत नाही, हे त्याच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिप करणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. टॅलीवाला तर दर आठवड्याला दहा दुकानांत स्वतः जाऊन बसतो. हे लोक तुमचे मामू-चाचा नसतात. तुमचा मेसेज मात्र मामू-चाचांच्याच ग्रुपवर फिरत राहतो.

दूरची ओळख

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की जागेची खबर तुम्हाला कुणाकडून मिळाली. त्याचा निबंध १९७३ साली आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले सुमारे १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले सुमारे ५६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्याकडून सुमारे २८ टक्के. कारण सोपं आहे. रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीतच असतं. नवी खबर दुसऱ्या वर्तुळातून येते.

आता हे आपल्या मोहल्ल्याला लावून बघा. आपलं जवळचं वर्तुळ एकाच प्रकारच्या कामांचं असतं: गॅरेज, फॅब्रिकेशन, फळांची गाडी, रंगकाम, आखातातली ड्रायव्हरकी. त्या वर्तुळाला ‘काही असेल तर सांगा’ म्हटलं तर ते जे आहे तेच देणार. बी.कॉम. झालेल्या पोराला चाचा टाइल्सच्या दुकानात बसवतात आणि सगळे म्हणतात, चला, पोरगं मार्गी लागलं.

हा फक्त आपला रोग नाही. दादरच्या शाळांमधल्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केला. ज्या जातींच्या पुरुषांना आपल्या जातीच्या ओळखीतून ठरावीक कामं मिळत होती, त्या घरांनी मुलग्यांना मराठी शाळेतच ठेवलं, कारण पुढचं काम ठरलेलं होतं. मुलींसाठी तसली ओळखीची कामं नव्हतीच, म्हणून मुली इंग्रजी शाळांकडं वेगानं वळल्या. जी ओळख आधार देते तीच ओळख बांधूनही ठेवते. आपण ओळखीवर भरवसा ठेवतो याबद्दल माझी तक्रार नाही. तो भरवसा आपण चुकीच्या ओळखीवर ठेवतो, ही तक्रार आहे.

एक मेसेज, नीट लिहिलेला

माझी भाची मिरजेची. बी.कॉम. करून दोन वर्षं तिथल्या एका सीएच्या ऑफिसात काम केलं, मग पुण्यात यायचं ठरलं. पहिले मेसेज तिच्या अब्बांनी पाठवले: ‘बेटी के लिए पुना में कुछ देखो.’ त्यात ती काय करू शकते याचा एक शब्द नव्हता, कारण अब्बांना ते माहीतच नव्हतं. आपल्या मुलींच्या बाबतीत हे सर्रास होतं. काम तिनं केलेलं, आणि मागणं बाप किंवा भाऊ करतो. जो मागतो त्याला तिचं काम सांगता येत नाही, आणि जिला सांगता येतं तिला मागू देत नाहीत. हा संकोच मला मान्य नाही. तिनं स्वतः लिहायला हवं, स्वतःच्या नंबरवरून.

तिनं लिहायला घेतलं तेव्हा आधी अकरा नावांची यादी झाली. नातेवाईक त्यात तीनच. बाकी कॉलेजची मैत्रीण, जुन्या ऑफिसातले दोन आर्टिकलवाले, टॅली शिकवणाऱ्या बाई, तीन क्लायंटकडचे हिशेबनीस, आणि ऑफिसात टॅली अपडेट करायला येणारे सर. त्या सरांना गेलेला मेसेज तिच्या परवानगीनं देतो:

‘नमस्कार सर. मी मिरजेच्या सीए ऑफिसमध्ये होते, तुम्ही टॅलीच्या कामाला यायचात तेव्हा आपलं बोलणं व्हायचं. पुढच्या महिन्यापासून मी पुण्यात कोंढव्याला मावशीकडे राहणार आहे. तिथं अकाउंट्स असिस्टंटची जागा शोधते आहे, शक्यतो होलसेल व्यापारी किंवा लहान कारखान्यात, मार्केट यार्ड ते हडपसर या भागात. दोन वर्षं १४ क्लायंटचे जीएसटीआर-१ आणि ३बी मी भरत होते. बँकेचा आणि २बीचा मेळ स्वतः घालते. टीडीएसचं रिटर्न मदतीनं भरलंय, एकटीनं नाही. पगाराची अपेक्षा २० ते २४ हजार. पुण्यातल्या तुमच्या ओळखीच्या टॅलीवाल्यांपैकी कुणाला विचारता येईल का, की सध्या कुणाकडचा अकाउंटंट सोडून गेलाय? नाव-नंबर मिळाला तरी पुरे, पुढचं मी बोलेन. जमण्यासारखं नसेल तर अजिबात संकोच नको.’

यातली प्रत्येक ओळ एक काम करते. पहिली ओळ ‘ही कोण?’ हा प्रश्न मिटवते. मग जागेचं नाव, धंद्याचा प्रकार आणि भाग येतो, आणि सरांच्या डोक्यात दुकानं दिसायला लागतात. ‘जीएसटी येतं’ असं कुणीही लिहितं. ‘१४ क्लायंटचे रिटर्न मी भरत होते’ हे फक्त जिनं भरलेत तीच लिहू शकते. २बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या विक्रीवरून पोर्टलवर तयार होणारा तक्ता. खरेदीच्या वह्यांशी तो जुळवता आला नाही तर मालकाचा इनपुट क्रेडिटचा पैसा अडकतो. ज्या मालकाचा पैसा असा अडकलाय त्याला तो एक शब्द वाचूनच कान टवकारावेसे वाटतात. आणि ‘टीडीएस एकटीनं नाही’ ही कबुली सगळ्यात मोलाची आहे, कारण ती वाचून बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

शेवटची मागणी बघा. तिनं नोकरी मागितली नाही. एक खबर मागितली. सरांना त्यासाठी दोन मिनिटांचा एक फोन पुरतो, त्यांचं नाव फारसं पणाला लागत नाही, आणि नाही म्हणायची वाटही मोकळी आहे. खाली तिनं दुसरा, तीन ओळींचा वेगळा मेसेज जोडला होता, तिच्याबद्दल तिसऱ्या माणसानं लिहिल्यासारखा: ‘मिरजेच्या सीए ऑफिसात दोन वर्षं काम केलेली मुलगी, जीएसटी रिटर्न स्वतः भरते, पुण्यात अकाउंट्स असिस्टंटची जागा हवी.’ सरांना तो जसाच्या तसा पुढं ढकलता आला. सीव्ही तिनं मागितल्यावरच पाठवला, आणि फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव दिलं.

वेळही तिनं पाळली. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरायची मुदत असते. त्या दहा दिवसांत हिशेबाच्या माणसाला मेसेज केला तर तो वाचतो आणि विसरतो. तिनं २२ तारखेला पाठवले. उत्तर न देणाऱ्यांना दहा दिवसांनी एकदाच आठवण केली, पुन्हा नाही.

अकरांपैकी चौघांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी दुआ दिली. एका आर्टिकलवाल्यानं एका कंपनीचा नंबर दिला. तिथं फोनवर सगळं गोड चाललं होतं, पूर्ण नाव विचारेपर्यंत. त्यानंतर ‘कळवतो’ झालं आणि पुन्हा कुणी फोन उचलला नाही. टॅलीच्या सरांनी पुण्यातल्या एका टॅलीवाल्याशी गाठ घालून दिली, आणि त्यानं मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. व्यापाऱ्यानं दोन महिन्यांची खरेदी आणि २बी समोर ठेवून ‘जुळवून दाखव’ म्हटलं. तिनं दुपारपर्यंत जुळवलं, आणि तीन बिलं पुरवठादारानं चढवलीच नव्हती तेही दाखवलं. ती २१ हजारांवर लागली. मी तिचा सख्खा मामू, अकाउंट्समधलाच माणूस, पण माझ्या ओळखीतून काहीच निघालं नाही.

‘आपल्या नावाला कोण विचारतं?’

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. लेड-बाय फाउंडेशननं २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे दोन अर्ज, एकावर मुस्लिम मुलीचं नाव, दुसऱ्यावर हिंदू मुलीचं. हजार जाहिरातींना ते पाठवले. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, मुस्लिम नावाला १०३. निम्मं. ज्यांना भेदभाव म्हणजे आपला न्यूनगंड वाटतो त्यांनी हे आकडे नीट वाचावेत.

पण हा फटका कुठं बसतो तेही बघा. तो कागदावरच्या नावाला बसतो, जेव्हा समोरच्याला नावाखेरीज तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं. ‘ही २बी जुळवते’ हे वाक्य विश्वासाच्या माणसाच्या तोंडून नावाच्या आधी पोचलं, तर नावाचं वजन कमी होतं. शून्य होत नाही. भाचीचा एक नंबर तिथंच अडला. मेसेज हा भेदभावावरचा इलाज नाही, भेदभावाच्या दारातून एकदा आत शिरायची वाट आहे. म्हणूनच ‘आपल्याला कोण घेणार’ म्हणून घरी बसून शंभर पोर्टलवर अर्ज टाकत राहणं मला पटत नाही. जिथं आपला पत्ता सगळ्यात आधी कापला जातो त्याच रांगेत आपण उभे राहतो, आणि जिथं बोलायची संधी आहे तिथं संकोचतो.

‘हा तर वशिला झाला’

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच विचारी मुलांचा. ओळखीनं नोकऱ्या वाटल्या जातात म्हणून तर आपण बाहेर राहिलो, मग आपणही तेच करायचं? प्रश्न रास्त आहे. माझी रेषा अशी: खबर मागणं आणि जागा मागणं वेगळं. ‘कुणाकडं जागा आहे ते सांगा, परीक्षा मी देईन’ ही खबर झाली. ‘साहेबांना सांगून मला लावून द्या’ हा वशिला झाला. भाचीला व्यापाऱ्यानं तपासून घेतलं. ती नापास होऊ शकली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

तरीही जाहिरातच न होणं हा अन्याय आहे, हे मी नाकारत नाही. मोठ्या कंपन्यांनी जागा उघडपणे जाहीर कराव्यात, पहिल्या चाळणीत उमेदवाराचं नाव झाकावं, ही मागणी चळवळीनं लावून धरलीच पाहिजे. पण ती मागणी मान्य होईपर्यंत मिरजेच्या मुलीनं वाट बघत बसावं, असं सांगायचा अधिकार मला नाही. सरकारी भरतीचं मात्र वेगळं. तिथं परीक्षा आणि कट-ऑफ चालतो, मेसेज नाही. ‘अंदरसे’ करून देतो म्हणणारा आणि नोंदणीचे पैसे आधी मागणारा, दोघंही लुबाडणारे.

ज्यांना मेसेज येतो त्यांच्यासाठी

शेवटचं बोलणं माझ्यासारख्यांशी. दोन पिढ्या खस्ता खाऊन आपल्यातले काही जण कंपन्यांत, बँकांत, ऑफिसांत पोचलेत. त्यांच्या फोनवर हे मेसेज येतात. ‘सीव्ही भेज दो’ म्हणून गप्प बसणं हा नकारच असतो, फक्त भित्रा. जमत नसेल तर ‘या कामात माझी ओळख नाही’ असं त्याच दिवशी लिहा. पोराचे दोन आठवडे वाचतात. मेसेज मोघम असेल तर तीन प्रश्न परत विचारा: जागेचं नाव काय, कुठल्या भागात, आणि कुणाच्या देखरेखीशिवाय तू कुठलं काम केलंस? उत्तर देता आलं तर त्याच उत्तराचा मेसेज तयार झाला. देता आलं नाही, तर त्याला नोकरीच्या आधी काय शिकायचं ते कळलं.

आणि तुम्ही लिहिणार असाल तर मामूला दखनीत लिहा, सरांना मराठीत, पण ‘कुठलंही काम चालेल’ हे कुठल्याच भाषेत लिहू नका. कुठलंही काम चालत असलं तरी लिहू नका. ज्याला कुठलंही काम चालतं त्याला गरजेपोटी कुठलंही कामच मिळतं, आणि आपल्या मोहल्ल्यात तसली कामं आधीच पुरेशी आहेत.